पंधरा सेकंदांत चौकट भरायची

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला परिचय वाचला. ग्रुप डिस्कशन सुरू होण्याआधी प्रत्येकाला पंधरा सेकंद मिळणार आहेत आणि तेवढ्यात लक्षात कसं राहायचं, असं तू विचारलं आहेस. मी टेबलाच्या पलीकडे बसून असे बरेच परिचय ऐकले आहेत, म्हणून तिकडून काय दिसतं ते आधी सांगते.

पॅनेलवर दोघं-तिघं असतात, समोर अर्धवर्तुळात आठ-दहा मुलं. प्रत्येक परीक्षकापुढे कागद असतो आणि त्यावर बसण्याच्या क्रमाने चौकटी आखलेल्या असतात. परिचय सुरू झाले की आमच्या माना खाली जातात, कारण आम्ही लिहीत असतो. चौकटीत नाव टाकायचं आणि जमलं तर नावापुढे एखाद-दुसरा शब्द. चर्चा तापली की तिघं-चौघं एकदम बोलतात, आणि चांगला मुद्दा नेमका कोणी मांडला हे त्या चौकटींवरूनच शोधावं लागतं. परिचयाला वेगळे गुण सहसा नसतात. पुढे तू जे बोलशील ते दुसऱ्या कुणाच्या नावावर न जाता तुझ्याच नावावर जमा व्हावं, एवढं काम त्याने केलं की झालं. म्हणून तुझं ‘लक्षात राहणं’ मी असं मोजते: नाव बरोबर उतरलं का, आणि त्याच्यापुढचा शब्द तुला हवा तो होता का?

आता तुझा मजकूर बघू. तू लिहिलंयस:

‘सर्वांना नमस्कार. सर्वप्रथम मला ही संधी दिल्याबद्दल मी आपली आभारी आहे. माझं नाव अमुक तमुक. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून माझे वडील शिक्षक आहेत आणि आई गृहिणी आहे. मला वाचनाची, प्रवासाची आणि संगीताची आवड आहे. मी मेहनती, प्रामाणिक आणि टीममध्ये काम करणारी आहे. माझं ध्येय एक यशस्वी व्यवस्थापक होण्याचं आहे.’

हे ५० शब्द झाले. दडपण असताना, पण ऐकणाऱ्याला लिहून घेता येईल अशा बेताने बोललीस तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे हा परिचय २५ सेकंदांचा. पंधराव्या सेकंदाला कुणी ‘थँक यू, नेक्स्ट’ म्हणालं तर तू ‘मला वाचनाची’पाशी असशील. त्याहून मोठी अडचण म्हणजे तुझं नाव येतंय चौदाव्या शब्दाला. सहा-सात सेकंद पेन नुसतं कागदावर टेकून राहतं, आणि नाव आलं की ते उतरवेपर्यंत तू आईवडिलांपर्यंत पोचलेली असतेस.

आभाराचं वाक्य काढून टाक. आईवडील, गुण हे सगळं अर्जात आहे आणि अर्ज आमच्यापुढे आहे. आवडीनिवडी आणि ‘मेहनती, प्रामाणिक’ यांबद्दल वाद नाही, पण त्या गटातल्या दहांपैकी सात जण हेच म्हणणार आहेत. १९३३ साली हेडविग फॉन रेस्टॉर्फ या संशोधिकेने दाखवून दिलं होतं, की एकसारख्या गोष्टींच्या यादीत एखादी वेगळी असली तर तीच जास्त आठवते. तेव्हा ‘मेहनती’ या शब्दात काही वाईट नाही, फक्त तो त्या खोलीत वेगळा ठरत नाही.

मग वेगळं काय सांगायचं? इथे मुलं घोटाळा करतात. कुणी यमक जुळवतं, कुणी नावातल्या प्रत्येक अक्षरावरून एकेक सद्गुण सांगतं. (एकाच गटात असे दोघं आले की दुसऱ्याचं काय होतं, ते बघवत नाही.) अशी माणसं लक्षात राहत नाहीत असं नाही, राहतात, पण चौकटीत ‘कविता’ असं लिहिलं जातं आणि मग गंभीर मुद्दा मांडतानाही त्यांच्याकडे त्याच नजरेने पाहिलं जातं.

नावं मुळातच डोक्यात टिकत नाहीत, हे तुझ्याही अनुभवाचं असेल. १९८७ च्या एका ब्रिटिश प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय सांगितला होता. काही शब्द असे होते की ते आडनावही होऊ शकतात आणि व्यवसायही, आपल्याकडच्या ‘सुतार’सारखे. तोच शब्द व्यवसाय म्हणून सांगितला तेव्हा तो जास्त आठवला, आडनाव म्हणून सांगितला तेव्हा कमी. माणूस काय करतो हे डोळ्यांपुढे उभं राहतं, नावाला तसं चित्र नसतं. म्हणून तुझ्या नावाला तू केलेलं एक काम जोड. एकच, आणि ऐकणाऱ्याला दिसेल असं.

तुझ्या अर्जात, अगदी तळाला, एक ओळ आहे: ‘महाविद्यालयीन ग्रंथालयात स्वयंसेवक म्हणून पुस्तक-वसुली उपक्रम राबवला.’ फोनवर तू मला त्याची खरी हकिकत सांगितली होतीस. दोनशेहून जास्त पुस्तकं लोकांनी नेली आणि परत केलीच नाहीत, तू जुन्या नोंदवह्या काढून एकेकाला फोन लावलास आणि १४० पुस्तकं परत आणलीस. ‘उपक्रम राबवला’ म्हटलं की ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. ‘फोन केले, पुस्तकं आणली’ म्हटलं की सगळं दिसतं. तेच घे:

‘नमस्कार. मी अमुक तमुक. वाणिज्य पदवीधर. आमच्या कॉलेजच्या वाचनालयाची दोनशेवर पुस्तकं लोकांकडे अडकली होती. मी एकेकाला फोन करून त्यांतली एकशेचाळीस परत आणली.’

२२ शब्द, म्हणजे अकरा सेकंद. वर दोन थांबे धर आणि तेरा-चौदा सेकंदांत संपव. ‘नमस्कार’ मुद्दाम ठेवला आहे. पहिला शब्द बहुधा वाया जातो, कारण तुझा आवाज लागायचा असतो आणि ऐकणाऱ्यांचं लक्ष अजून आधीच्या मुलावर असतं. तो वाया जाणारा शब्द तुझं नाव नसावं. नाव आणि आडनाव सुटं सुटं उच्चार आणि नंतर एक श्वास थांब. घरी हा थांबा तुला फार लांब वाटेल, पण तेवढ्यातच समोरचं पेन कागदावर चालतं. दुसरा छोटा थांबा ‘अडकली होती’नंतर घे. पुढे काय झालं असेल, हे ऐकणाऱ्याला वाटायला तेवढी जागा पुरते. ‘परत आणली’ म्हटलंस की गप्प बस. ‘आणि यातून मी चिकाटी शिकले’ हे जोडायचा मोह होईल. चिकाटी त्या आकड्यात आलीच आहे, शिवाय शेवटचं वाक्य तेच राहिलं तर चौकटीतही तेच उतरतं: ‘पुस्तकं परत आणली’.

आकडा मात्र खरा हवा. डिस्कशननंतर मुलाखत असते आणि तिथला पहिला प्रश्न बहुतेक हाच येईल. उरलेली साठेक पुस्तकं का आली नाहीत? लोक फोनवर काय म्हणाले? नियम बदलला का, की पुढच्या वर्षी पुन्हा तेच? जी गोष्ट सांगून दहा मिनिटं उलटतपासणी सोसता येत नाही, ती या पंधरा सेकंदांत आणायची नाही. तुझी गोष्ट सोसेल, कारण न आलेल्या पुस्तकांबद्दलही तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे.

आता तुझी पाळी येण्याआधीची मिनिटं. माणसं गोलात बसून एकेक करून बोलतात तेव्हा आपल्या अगदी आधीच्या माणसाचं बोलणं सर्वांत कमी आठवतं. माल्कम ब्रेनर यांनी १९७३ मध्ये प्रयोगातून हे मांडलं. कारण उघड आहे, त्या वेळी आपण मनात स्वतःचं वाक्य घोळवत असतो. याचे दोन परिणाम तुझ्यावर होतात. तुझ्यानंतरचा मुलगा तुझं काहीही ऐकत नसतो, तेव्हा त्याने पुढे तुझं नाव चुकवलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. आणि तुझ्या आधीच्याचं नाव तुझ्या हातून निसटणार. त्यावर उपाय एवढाच की २२ शब्द इतके पाठ हवेत की पाळीच्या आधी ते आठवावेच लागू नयेत. कागद-पेन वापरू देत असतील तर तूही बसण्याच्या क्रमाने गोल काढ आणि नावं लिहीत जा. ‘मघाशी एकाने म्हटलं’ याऐवजी नाव घेऊन ‘त्यांनी खर्चाचा मुद्दा काढला, तो मी पुढे नेते’ म्हणालीस तर पॅनेलला तुम्हा दोघांच्या चौकटी सापडतात. परिचयाच्या फेरीतून मिळणारा हा फायदा फार थोडे घेतात.

तुझ्या आधी कुणी वाचनालयाचंच काही बोललं तरी ऐनवेळी मजकूर बदलू नकोस. तुझा आकडा आणि ते फोन तुझेच राहतात. आयत्या वेळी नवं वाक्य जुळवायला गेलं की नावच अडखळतं.

तयारी अशी कर. फोनवर रेकॉर्ड कर आणि सेकंद बघ. मग पाच-सहा मैत्रिणींना बसव, प्रत्येकीने आपापला परिचय द्यायचा, नंतर दहा मिनिटं भलत्याच विषयावर गप्पा मारायच्या आणि मग विचारायचं, कोणाचं काय आठवतंय? एकट्या आईला ऐकवून उपयोग नाही, इतर परिचयांच्या गर्दीत तुझा टिकतो का ते बघायचं आहे. उत्तर ‘वाचनालयाची पुस्तकं’ असं आलं तर मजकूर जमला. ‘छान बोललीस’ असं आलं तर चित्र उमटलेलं नाही, मधलं वाक्य आणखी सोपं कर. आणि नाव चुकीचं सांगितलं तर नावानंतरचा थांबा तू गिळते आहेस.

एक शक्यता राहिली. काही ठिकाणी आयत्या वेळी ‘फक्त नाव आणि शाखा’ सांगायला लावतात, काही ठिकाणी नावही नको, फक्त क्रमांक. तेव्हा पुस्तकांची गोष्ट घुसडायची नाही. सांगितलं तेवढंच त्याच संथ लयीत बोल. पुस्तकं मुलाखतीसाठी शिल्लक राहतील.

रेकॉर्डिंग रविवारपर्यंत पाठव. पहिलंच पाठव, दहा वेळा घासूनपुसून काढलेलं नको.

कळावे.