अमेरिका सोडल्यावर एफबीआयचा दाखला कसा मिळवायचा?

मी चार वर्षे न्यू जर्सीत एच-वन-बीवर होतो, २०२२ मध्ये पुण्याला परतलो. आता कॅनडाच्या पीआरसाठी अमेरिकेतला पोलीस दाखला हवा आहे. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत ठसे द्यावे लागतील का?

नाही, वकिलातीचा यात संबंध येत नाही. न्यू जर्सीच्या पोलिसांकडेही जाऊ नका. तिथला दाखला फक्त त्या राज्यापुरता असतो, कॅनडाला मात्र संपूर्ण देशाचा, म्हणजे एफबीआयचा लागतो.

edo.cjis.gov या संकेतस्थळावर अर्ज भरा, १८ डॉलर कार्डाने भरा आणि उत्तर ईमेलने हवे असे निवडा. मग एफबीआयचा FD-1164 हा ठशांचा फॉर्म साध्या पांढऱ्या कागदावर छापा. छापताना प्रिंटरचे 'फिट टू पेज' बंद ठेवा, नाहीतर चौकटी लहान होतात. ठसे उमटले की तो कागद आणि अर्जाच्या पुष्टीच्या ईमेलची प्रत वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गच्या पत्त्यावर कुरिअरने पाठवायची. नाव आणि जन्मतारीख अर्जात, फॉर्मवर आणि पासपोर्टवर अक्षरशः सारखी हवी. ठशांची झेरॉक्स किंवा पूर्वी वापरलेले कार्ड चालत नाही.

झटपट दाखला देणारे 'चॅनलर' जाहिरातीत दिसतील, पण ती सोय अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठीच आहे. एच-वन-बीवर राहून आलेल्यांनी तिथे पैसे घालवू नयेत.

तारखेची काळजी करू नका. जिथे आता राहत नाही, त्या देशाचा दाखला तिथले शेवटचे सलग सहा महिन्यांचे वास्तव्य संपल्यानंतरचा असला की कॅनडाला पुरतो. तुमचे वास्तव्य २०२२ मध्ये संपले, त्यामुळे आज काढलेला दाखला चालेल. सहा महिन्यांच्या आतला हवा असतो तो सध्या राहता त्या देशाचा, म्हणजे तुमच्या बाबतीत भारताचा. म्हणून भारताचा दाखला शेवटी काढा.

माझे ठसे अस्पष्ट म्हणून परत आले. स्टॅम्प पॅडवर नीट दाबून घेतले होते. चुकले काय?

दाबणे हीच चूक. आपल्याकडे दस्त नोंदवताना जांभळ्या पॅडवर अंगठा टेकवून काम भागते. इथे काळी छपाईची शाई लागते आणि बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच दमात फिरवावे लागते. अंगठे शरीराकडे आणि बाकीची बोटे बाहेरच्या बाजूला फिरवतात. दहाही बोटे अशी एकेक घेतल्यावर खालच्या चौकटीत चार बोटे एकत्र आणि अंगठे सपाट टेकवायचे. खालचा आणि वरचा क्रम जुळतो का, हे एफबीआय तपासते. डावा-उजवा हात उलटा झाला तरी कार्ड परत येते.

कागदाकडे भिंगातून बघा. रेषा वेगळ्या दिसायला हव्यात. काळा गोळा दिसला तर शाई जास्त झाली, मधे पांढरे डाग दिसले तर हात घामट होता किंवा त्वचा कोरडी होती. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. त्वचा खरखरीत असेल तर आठवडाभर आधीपासून क्रीम लावा, पण त्या दिवशी नको. ठसे घेण्याचा सराव असलेल्या माणसाकडूनच हे करून घ्या आणि त्याची सही फॉर्मवर घ्या. एका पाकिटात दोन-तीन संच पाठवा, एफबीआय स्वतःच तसे सुचवते.

स्पेनच्या वकिलातीने एफबीआयच्या दाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे दस्त परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारे सरकारी प्रमाणपत्र, मागितले. मंत्रालयातून घेऊ का?

तिथे होणार नाही. ज्या देशाचा दस्त, त्याच देशाचे अपॉस्टिल. एफबीआय केंद्रीय संस्था असल्यामुळे अपॉस्टिल वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याकडून घ्यावे लागते. DS-4194 फॉर्म भरा, शुल्क दस्तामागे २० डॉलर आहे. आधी नोटरी मुळीच करू नका, त्याने काम अडते. स्पॅनिश भाषांतर अपॉस्टिल हाती आल्यावर करा, म्हणजे त्याचेही भाषांतर त्यात येते.

मी टोरांटोत राहते, पासपोर्टवर पत्ता नाशिकचा आहे. भारताच्या पीसीसीसाठीही, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटसाठीही, ठसे लागतील का? भाऊ म्हणतो, तो तिथल्या पोलिसांकडून काढून देईल.

ठसे लागत नाहीत. भावाला मात्र थांबवा. जिल्हा पोलिसांचा चारित्र्य दाखला देशातल्या नोकरीसाठी असतो, परदेशासाठी पासपोर्ट कार्यालय किंवा भारतीय वकिलातीने दिलेलीच पीसीसी लागते. तुम्ही टोरांटोतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे अर्ज करा. गरज पडली तर दूतावास भारतातून पोलीस पडताळणी मागवतो आणि ती नाशिकच्या ठाण्यात जाते. बहुतेक अर्ज इथेच रेंगाळतात, कारण घराला कुलूप असते किंवा अर्जातला भारतातला नंबर बंद असतो. भावाचा चालू नंबर द्या आणि पासपोर्टची प्रत व पत्त्याचा पुरावा त्याच्याकडे ठेवा. ठाण्यातून फोन आला की त्याने त्याच दिवशी जाऊन यावे.