भिंतीला रंग लावून भट्टी गरम होत नाही

प्रश्न: भट्टीतल्या दोन पृष्ठभागांमधली रेडिएशनची उष्णता कशी काढतात? एमिसिव्हिटी आणि व्ह्यू फॅक्टर कोणी सोप्या भाषेत सांगेल का? पुस्तकातलं डोक्यावरून जातंय.

पुस्तकातलं डोक्यावरून जातं कारण तिथे सूत्र आधी येतं आणि भट्टी शेवटपर्यंत येतच नाही. मी भोसरीत हीट ट्रीटमेंटमध्ये काम केलंय आणि या एका सूत्रावरून प्लँट हेडशी माझं वाजलेलं आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे इलेक्ट्रिक भट्टी होती, आत नायट्रोजन. जॉब म्हणजे ईएन-१९ चे ४० मिमीचे शाफ्ट, लेथवरून आलेले, चकचकीत. ८६० डिग्रीला तापवून तेलात टाकायचे. बास्केटच्या कडेचे शाफ्ट रॉकवेलवर पन्नाशीच्या वर जायचे आणि मधले पस्तिशीत अडकायचे. याच भट्टीत स्केल धरलेले काळे फोर्जिंग तेवढ्याच वेळात बिनतक्रार व्हायचे. प्लँट हेडनी पीप होलला डोळा लावला आणि म्हणाले, "लालभडक झालेत की सगळे! तापमानाचा प्रश्नच नाही, तेल बदला." तेल बदललं. काही फरक पडला नाही.

एमिसिव्हिटी इथेच समजून घ्या. त्याच तापमानाचा आदर्श काळा पृष्ठभाग जेवढं रेडिएशन सोडेल, त्याच्या किती हिस्सा तुमचा पृष्ठभाग सोडतो, तो हा आकडा. जो पृष्ठभाग कमी सोडतो तो घेतोही कमीच, आणि उरलेलं परत फेकतो. स्केल धरलेल्या स्टीलची एमिसिव्हिटी ०.८ च्या आसपास असते, लेथवरच्या चकचकीत स्टीलची ०.३ धरा. म्हणजे चकचकीत शाफ्टवर पडलेल्यातलं ७० टक्के परत जातं. पीप होलमधून साहेबांना जो लाल रंग दिसत होता, त्यातला बराचसा भिंतीचा होता. शाफ्ट आरशाचं काम करत होता. पायरोमीटरही तसाच फसतो, त्याच्यात ०.८ सेट करा नाहीतर ०.३. भिंत जॉबपेक्षा गरम असेपर्यंत त्याला परावर्तित उजेड दिसतोच.

मग एक कोटिंगवाला आला. भिंतीला हाय एमिसिव्हिटी रंग लावा, भिंत ०.७ ची ०.९ होईल, जॉब झटपट तापेल. साहेब खूश. मी कागद घेऊन बसलो.

```
Q = σ (T1^4 - T2^4) / [ (1-ε1)/(ε1·A1) + 1/(A1·F12) + (1-ε2)/(ε2·A2) ]
σ = 5.67e-8 W/m²K⁴
```

१ म्हणजे जॉब, २ म्हणजे भिंत. T तापमान, ε एमिसिव्हिटी, A क्षेत्रफळ, आणि F12 हा व्ह्यू फॅक्टर, त्याच्याकडे पुढे येतो. Q उणे आला तर घाबरू नका, उष्णता भिंतीकडून जॉबकडे चाललीय एवढाच त्याचा अर्थ. तापमान केल्व्हिनमध्येच घ्या. खालच्या कंसातले तीन तुकडे हे एकामागोमाग लावलेले तीन अडथळे आहेत: जॉबच्या पृष्ठभागाचा, मधल्या जागेचा आणि भिंतीच्या पृष्ठभागाचा. कुठला अडथळा मोठा ते बघायचं, बाकी सगळी आकडेमोड आहे.

भिंत ८६० डिग्री म्हणजे ११३३ केल्व्हिन, जॉब ६०० डिग्रीला म्हणजे ८७३ केल्व्हिन. वरचा भाग साधारण ६०.५ किलोवॉट प्रति चौरस मीटर येतो. जॉबचं क्षेत्रफळ १ चौरस मीटर, भिंतीचं ६, आणि शाफ्ट सुटे मांडलेत असं तूर्त समजून F12 = १. जॉबचा अडथळा ०.७/०.३ म्हणजे २.३३, मधला १, भिंतीचा ०.३/(०.७×६) म्हणजे जेमतेम ०.०७. बेरीज ३.४०, उष्णता सुमारे १७.८ किलोवॉट. आता कोटिंगवाल्याचं सगळं खरं धरून भिंत ०.९ करा. तिचा अडथळा ०.०७ वरून ०.०२ झाला, उष्णता १८ किलोवॉटच्या किंचित वर. फायदा दीड टक्का! तीच भट्टी, रंग न लावलेली, पण जॉब काळा म्हणजे ०.८ चा असेल तर ४५.८ किलोवॉट. फोर्जिंग का तापत होते ते इथे दिसतं. दोष जॉबच्या कातडीत आणि औषध भिंतीला.

कागद साहेबांना दाखवला. "हे कॉलेजातलं झालं," म्हणाले. रंग लागला. मधले शाफ्ट पस्तिशीतच राहिले.

आता व्ह्यू फॅक्टर, कारण मधल्यांचं मुख्य दुखणं ते होतं. F12 म्हणजे पृष्ठभाग १ मधून निघालेल्या रेडिएशनपैकी सरळ रेषेत २ वर किती हिस्सा पोचतो. निव्वळ भूमिती, तापमानाचा संबंध नाही. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर गर्दीच्या मध्यात उभे राहा, तुम्हाला रथ दिसत नाही, शेजाऱ्यांच्या पाठी दिसतात. बास्केटच्या मधल्या शाफ्टला तशीच भिंत दिसत नाही, दुसरे शाफ्ट दिसतात, आणि ते त्याच्याइतकेच थंड. एकाच थरात शाफ्ट चिकटून ठेवले तर प्रत्येक शेजारी सुमारे ०.१८ हिस्सा अडवतो, दोन बाजूंचे मिळून ०.३६. भिंतीसाठी उरले ०.६४. दोन शाफ्टमध्ये एका व्यासाची फट सोडली तर ०.८४ उरतात. हे एका थराचं. थरावर थर रचले की आतल्याचा भिंतीशी F शून्याजवळ जातो, आणि त्याला उष्णता मिळते ती शेजारी तापल्यावर त्याच्याकडून, हाताहाताने. त्यात शेजारीही चकचकीत, म्हणजे देण्यातही कंजूष.

रंगाच्या पैशात जे होणार नव्हतं ते स्क्रॅपमधल्या पट्ट्यांनी झालं. पट्ट्यांचे स्पेसर टाकून थर सुटे केले, प्रत्येक थरात फट ठेवली, आणि एक थर्मोकपल बास्केटच्या बरोबर मध्ये, शाफ्टला ड्रिल करून आत बसवला. कंट्रोलर ८६० दाखवत होता तेव्हा मधला अजून सातशेच्या घरात होता. सोक टाइम कंट्रोलर पोचल्यापासून न मोजता मधला थर्मोकपल पोचल्यापासून मोजायला लागलो, आणि मधलेही पन्नाशी ओलांडायला लागले. सायकल लांबली, बास्केटमध्ये जॉब कमी बसू लागले, त्यावरून साहेब कुरकुरले ते वेगळंच. रिपोर्टमध्ये श्रेय मात्र रंगाला मिळालं. असो.

तुमच्या गणितासाठी: जॉब बहिर्वक्र आणि एकटा, चारी बाजूंनी भिंत, तर F12 = १ बिनधास्त घ्या. उलटा F हवा असेल तर A1·F12 = A2·F21. जॉब भट्टीच्या मानाने लहान असेल तर भिंतीचा तुकडा सोडूनच द्या. पुस्तकातल्या एमिसिव्हिटीच्या तक्त्यावर फार भरवसा ठेवू नका, पृष्ठभाग जरा ऑक्सिडाइज झाला की आकडा बदलतो.

कोटिंगवाल्यांनी माझ्यावर तुटून पडण्याआधी एक सांगतो. जॉबचं क्षेत्रफळ भिंतीएवढंच असेल, म्हणजे मोठी सपाट प्लेट समोरासमोर, आणि जॉब काळा असेल, तर भिंत ०.७ ची ०.९ केल्यावर वीस-पंचवीस टक्के फरक पडतो. हीटरमध्ये तेवढे किलोवॉट नसतील तर तोही पडत नाही, भिंतच थंड होते. नायट्रोजन रेडिएशनच्या वाटेत येत नाही म्हणून वरचं सूत्र आमच्याकडे चाललं, पण पंखा असेल तर कन्व्हेक्शन वेगळं मिळवा. आणि भट्टी गॅसवर असेल तर ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ स्वतःच रेडिएशन शोषतात आणि सोडतात, तिथे दोन पृष्ठभागांचं हे सूत्र पुरत नाही. तुमची भट्टी कुठली आणि जॉब बास्केटमध्ये कसे रचता ते कमेंटमध्ये लिहा, क्षेत्रफळांसकट.