कामं मिळावीत म्हणून जीएसटीची कार्यशाळा घेणार असशील तर

‘जीएसटीची संपूर्ण ओळख’ नको. त्याला विद्यार्थी येतात, दुकानदार नाही. दीड तासात एकच काम शिकव: GSTR-2B, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, आणि खरेदीचं रजिस्टर जुळवणं. 2B १४ तारखेला तयार होतं, दरमहा भरणाऱ्यांचं 3B विवरणपत्र २० पर्यंत जातं, म्हणून १५-१६ तारीख धर. प्रत्येकाला आपलीच फाईल उघडायला लाव. ‘INV/045’ आणि ‘45’ ही एकाच बिलाची दोन रूपं एक्सेलमध्ये कशी पकडायची, ते सावकाश दाखव.

मग कुणीतरी विचारतंच, “पुरवठादाराने बिल दाखवलंच नाही, आता?” हातचं न राखता सांग: 2B मध्ये येईपर्यंत खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट घेता येत नाही, पुरवठादाराच्या मागे लागा. ज्याची अशी बिलं ढीगभर निघतात, तो स्वतःच तुझा नंबर मागतो. (सीएंनी मात्र काम मागत फिरणं त्यांच्या आचारसंहितेत बसत नाही, तू सीए नाहीस, तरी आपणहून गळ्यात पडू नकोस.)