९९.३ चे ९९.२ करू नका

ग्राफमधले छापील आकडे आणि लेबलं "अर्थ न लावता, जशीच्या तशी" टाइप करून द्यायचं काम मिळालंय. म्हणजे नक्की काय लिहायचं, काय सोडायचं? आणि एका ग्राफला किती वेळ धरू?

छापलंय ते सगळं लिहायचं. छापलेलं नाही त्यातलं एक अक्षरही लिहायचं नाही. वेळेचं मागाहून बघू, कारण तुमच्या त्या "अर्थ न लावता"वर मला आधी बोलायचंय. या तीन शब्दांपायी मी एकदा भर ऑफिसात बोलणी खाल्ली आहेत.

परळला एका छोट्या ऑफिसात मी अकरा वर्षं हेच काम केलं. अहवाल, पाठ्यपुस्तकं, माहितीपत्रकं अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरसाठी आम्ही मजकुरात उतरवून द्यायचो. ग्राफ चित्र म्हणून चिकटवलेला असेल तर वाचणारं मशीन "प्रतिमा" एवढं म्हणून पुढे जातं. ऐकणाऱ्याला त्यातला एकही आकडा मिळत नाही. म्हणून तो हाताने काढून द्यायचा.

एकदा एका अहवालात मुंबईच्या लोकसंख्येचा स्तंभालेख आला. प्रत्येक जनगणनेला एक स्तंभ, त्याचे दोन तुकडे, खाली शहर, वर उपनगर, आणि डोक्यावर एकूण. मी असं टाइप केलं:

शीर्षक: बृहन्मुंबईची लोकसंख्या (लाखांत)
सूची: शहर, उपनगर
१९९१: शहर ३१.७, उपनगर ६७.५, एकूण ९९.३
२००१: शहर ३३.४, उपनगर ८६.४, एकूण ११९.८
२०११: शहर ३०.९, उपनगर ९३.६, एकूण १२४.४
तळटीप: आकडे पूर्णांकित केले आहेत.
स्रोत: भारताची जनगणना

आमचे सर (वयाने मोठे, हुशार, आणि हे त्यांना माहीत असलेले) तपासायला बसले. लाल पेनाने ९९.३ मधला ३ खोडला, वर २ लिहिला. १२४.४ चं १२४.५ केलं. मी म्हटलं, "सर, मुळात तसंच आहे." तर म्हणाले, "अगं, ३१.७ आणि ६७.५ किती होतात? बेरीज चुकलीय त्यांची. जरा डोकं वापरत जा. मक्षिकास्थाने मक्षिका करायला तुला पगार देत नाही." चहा घेऊन आलेल्या मुलासकट सगळे हसले.

बेरीज कुणाचीच चुकली नव्हती. १९९१ला शहरात ३१,७४,८८९ माणसं होती, उपनगरात ६७,५१,००२, आणि दोन्ही मिळून ९९,२५,८९१. आता तिन्ही आकडे वेगवेगळे लाखांत आणून एका दशांशापर्यंत ठेवा. ३१.७ येतं, ६७.५ येतं आणि ९९.३ येतं. पहिल्या दोघांनी मागचं थोडं थोडं गाळलं, तिसऱ्याने वर उचललं, म्हणून ०.१ चा फरक. २०११ला उलटं झालं. ३०,८५,४११ आणि ९३,५६,९६२ हे दोन्ही वर उचलले गेले, एकूण १,२४,४२,३७३ मात्र खाली आला. तुकड्यांची बेरीज १२४.५, छापलेलं १२४.४, आणि दोन्ही बरोबर. तळटीप याच्याचसाठी होती. मी ती टाइप केली होती आणि सरांनी ती वाचली नव्हती.

वर त्यांनी ग्राफखाली स्वतःचं एक वाक्य घातलं, "शहराची लोकसंख्या सतत घटत असल्याचे दिसते." आकडे परत बघा. ३१.७ वरून ३३.४, मग ३०.९. आधी वाढली, मग घटली. "सतत" आलं कुठून? डोक्यातून. गिरणगाव रिकामं होताना त्यांनी पाहिलं होतं, लालबागची माणसं डोंबिवली-विरारला गेलेली त्यांना माहीत होती, म्हणून ग्राफमध्येही त्यांना तेच दिसलं. अर्थ लावणं म्हणजे नेमकं हे, आणि ते माहीतगार माणसाकडूनच जास्त होतं.

फाइल गेली. दोन आठवड्यांनी ज्यांचा अहवाल होता त्यांच्याकडून पत्र आलं. एका ऐकणाऱ्या वाचकाने विचारलं होतं की त्याच पानावरच्या परिच्छेदात ९९.३ लाख म्हटलंय आणि ग्राफमध्ये ९९.२, तर खरं कुठलं? डोळस माणसाने मूळ पान उघडून बघितलं असतं. त्याला तो मार्ग नव्हता, आम्ही दिलं तेच त्याचं पान. पत्राचं उत्तर माझ्या नावाने गेलं, "टंकलेखनातील चूक". लाल पेनाचा कागद मी बरीच वर्षं जपून ठेवला होता.

माझे वडील गिरगावात छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवताना लेखकाचं वाक्य त्यांना पटो न पटो, जुळणी मुळाबरहुकूम. शंका आली तर समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून मूळ प्रत परत पाठवायची. तुम्हीही तेच करा. मूळ ग्राफमध्ये वर्षच २१०१ छापलं असेल तर २१०१ टाइप करा आणि शंका वेगळ्या कागदावर कळवा. फाइलमध्येच खूण हवी असं त्यांनी सांगितलं असेल तर पुढे "मुळात असेच" लिहा. गुपचूप दुरुस्त केलेलं नंतर कुणालाच सापडत नाही.

खरी चूक मात्र टाइप करतानाच होते. त्या ग्राफच्या खाली दशकातली टक्केवारी होती आणि २०११च्या शहरापुढे −७.५७ असं होतं. स्कॅनवरून मजकूर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने उणे चिन्ह गाळलं आणि नुसतं ७.५७ दिलं. बारीक आडवी रेघ, शेजारी ग्राफच्या जाळीच्या रेघा, त्यात ती हरवते. म्हणजे घट झाली तिथे वाढ झाली. हे पकडायला मी वरचे आकडे बघितले. ३३.४ वरून ३०.९ आणि वाढ कशी? मग पान चारपट मोठं करून रेघ शोधली. गणित वापरायचं ते शंका घेण्यापुरतं, आकडा कागदावरूनच उचलायचा. कारण त्याच गोल आकड्यांवरून टक्केवारी काढलीत तर ७.४९ येते. छापलेली ७.५७ मूळ पूर्ण आकड्यांवरून काढलेली आहे. सर असते तर तेही "सुधारलं" असतं.

शेवटच्या शून्याचंही तसंच. ८६.४० छापलं असेल तर ८६.४ लिहू नका, मोजणी किती बारीक आहे ते त्या शून्यात आहे. १,२४,४२,३७३ असेल तर स्वल्पविराम तिथेच ठेवा, 12,442,373 च्या धर्तीवर हलवू नका. आणि रकान्यात आडवी रेघ असेल तर तिथे ० घालू नका. रेघ म्हणजे "माहिती नाही", "लागू नाही" किंवा "नगण्य" यातलं काहीही असू शकतं. कुठलं ते तळटीप सांगते. सांगत नसेल तर ते ठरवणं आपलं काम नाही.

तपासताना एकट्याने नजर फिरवू नका. डोळ्याला जे माहीत असतं तेच तो परत वाचतो. दुसऱ्या कुणाला मूळ पान देऊन मोठ्याने वाचायला लावा, आणि प्रत्येक अंक सुटा. "एकोणसत्तर" आणि "एकोणऐंशी" यात मी दोनदा घसरले आहे, त्यामुळे आमच्याकडे "सहा नऊ", "सात नऊ" असंच वाचायचं ठरलं. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक", "वीस दोन" आलं तेव्हा सगळीकडे ओरड झाली. आमच्या टेबलावर मात्र आम्ही दोघीच खूश होतो. देवनागरीत छोट्या टाइपात १ आणि ९ सारखे दिसतात, हेही ध्यानात असू द्या.

रंगांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येणारच. सूचीत "शहर" म्हणजे निळा असं दाखवलं असेल, तर निळ्या तुकड्यावरचा आकडा "शहर" पुढे लिहिणं हा अर्थ लावणं नव्हे. ते नातं छापूनच दिलेलं आहे. पण स्तंभावर आकडाच नसेल आणि बाजूच्या अक्षावर ०, ५०, १००, १५० असेल, तर "साधारण १२५" लिहायचं नाही. अक्षावरचे चार आकडे लिहा आणि स्तंभापुढे "आकडा छापलेला नाही" लिहा. इन्फोग्राफिकमध्ये माणसांची छोटी चित्रं असतात, "एक माणूस = ५ लाख". ३०.९ लाखांना सहा माणसं आणि सातव्याचा जरासा तुकडा. तो तुकडा कितवा हिस्सा हे डोळ्याने मोजून लिहिलंत की आकडा तुमचा झाला. किल्लीतलं वाक्य तेवढं टाइप करा.

आता एक गोष्ट कबूल करते. नुसते आकडे ऐकून काही वाचकांना ग्राफ कळत नाही, आणि त्यांना वर्णन हवं असतं. "आकडा छापलेला नाही" सात वेळा ऐकून माणूस वैतागतो, तेही खरं. पण वर्णन हे वेगळं काम आहे, वेगळं लिहून द्यायचं, आणि ज्याने सांगितलं त्याने तसं सांगितलेलं असायला हवं. तुम्हाला सांगितलेलं नाही. सर म्हणायचे की दोन्ही एकत्र केलं की वाचकाचं भलं होतं. एकत्र केलं की अहवालाचं कुठलं आणि सरांचं कुठलं हे त्या वाचकाला कळायला वाव राहत नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही, घरी जाताना लोकलमध्ये सुचलं.

मागच्या वर्षी दादरच्या पुलावर सर भेटले. हातात भाजीची पिशवी, निवृत्त झालेत. म्हणाले, "काय गं, अजून माशीला माशीच?" म्हटलं, "हो सर, अजून तेच." पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना, गाडी लागली, ते उतरून गेले.

वेळ: वरच्यासारखा साधा ग्राफ टाइप करायला दहा मिनिटं आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायला आणखी दहा. पानभर इन्फोग्राफिक असेल तर तासभर सहज जातो, त्यात बराच वेळ कुठलं लेबल कुठल्या चित्राचं हे बघण्यात. पैसे पानावर ठरवू नका, ग्राफवर ठरवा, आणि वाचून घेणाऱ्या दुसऱ्या माणसाचे त्यात आधीच धरा.