बाजार संशोधनाचा आराखडा निवडताना आधी काय ठाऊक आहे ते बघ

परीक्षेतल्या प्रश्नात दिलेली समस्या वाचलीस की आधी एवढंच विचार: व्यवस्थापकाला आत्ता काय ठाऊक आहे?

- 'श्रीखंडाचा खप का घटला, काहीच कळत नाही': अन्वेषणात्मक. दुकानदारांशी गप्पा, 8-10 ग्राहकांची गटचर्चा. इथे टक्केवारी काढायला जाऊ नकोस.
- 'कोण, किती, कुठून विकत घेतं?': वर्णनात्मक. सर्वेक्षण.
- 'नव्या डब्यामुळे खप वाढेल का?': कार्यकारण. प्रयोग.

बहुतेकांचे गुण तिसऱ्यात जातात. 'ग्राहकांना विचारू' असं लिहितात, पण त्यातून फक्त मत कळतं. त्याऐवजी असं लिही: 20 दुकानं घ्यायची, चिठ्ठ्या टाकून त्यातल्या 10 दुकानांत नवा डबा ठेवायचा, बाकीच्यांत जुनाच. समजा पाडव्याच्या महिन्यात नव्या डब्याच्या दुकानांत खप सरासरी 100 वरून 118 झाला आणि जुन्यांत 100 वरून 112. मग डब्याचं श्रेय 6 चं. उरलेले 12 पाडव्याचे! तुलनेची दुकानं नसती तर अख्खे 18 डब्याच्या नावावर लागले असते. (हा 6 चा फरक योगायोगाचा असू शकतो, पण ती चाचणी नंतर शिक.)

आणि 'का' दिसलं की लगेच कार्यकारण लिहू नकोस. पहिल्या उदाहरणातही 'का' आहेच. फक्त तपासायला ठरावीक कारण हाताशी नाही.