वायफायवर हा अनोळखी कोण?

वायफायचा पासवर्ड मी अधूनमधून बदलतो. तरी भाचा म्हणतो, "मामा, राउटरचा पासवर्ड अजून admin च आहे." म्हणजे काय? (सांगली)

भाचा बरोबर सांगतोय. वायफायच्या पासवर्डने इंटरनेट मिळतं, ॲडमिन पासवर्डने राउटरची सेटिंग्ज उघडतात. तो मूळचाच राहिला, तर तुमच्या वायफायवर आलेला कोणीही डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेटिंग, बदलून तुम्हाला नकली साइटवर पाठवू शकतो. २०१६मध्ये मिराई या मालवेअरने असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते असे ठरावीक पासवर्ड एकेक करून वापरूनच.

विंडोज कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा:

```
ipconfig
```

Default Gateway समोरचा पत्ता, बहुतेक वेळा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1, ब्राउझरमध्ये टाका. लॉगिन राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतं. आत Administration किंवा Management मध्ये पासवर्ड बदला आणि कागदावर लिहून ठेवा. विसरलात तर रिसेटचं बटण आहेच, पण त्याने नेटचं PPPoE युजरनेम-पासवर्डही पुसलं जाऊ शकतं. म्हणून ते इंटरनेटवाल्याकडून आधीच मागून घ्या.

पाहुणे आले की वायफायचा पासवर्ड द्यावाच लागतो. गेस्ट नेटवर्कने काय फरक पडेल? (ठाणे)

पाहुण्यांना नेट मिळेल, पण तुमचा लॅपटॉप, प्रिंटर आणि बहुतेक राउटरांवर ॲडमिनचं पानही त्यांच्यापासून दूर राहील. Guest Network सुरू करून वेगळं नाव आणि पासवर्ड द्या. ते खुलं ठेवू नका. गेस्टना लोकल नेटवर्क दिसू देण्याचा पर्याय बंद हवा. खात्री करायची तर स्वतःचा फोन गेस्टवर जोडून राउटरचा पत्ता उघडून पाहा. मात्र गेस्टवरून टीव्हीवर कास्टिंग किंवा प्रिंटिंग होत नाही, तेव्हा त्याला बिघाड समजू नका.

राउटरमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत ESP_ ने सुरू होणारं एक नाव आहे, शिवाय एक बिननावाचा फोन. शेजारी नेट वापरतात का? (नाशिक)

शेजाऱ्यांवर संशय घेण्याआधी घरातला स्मार्ट प्लग किंवा बल्ब बघा. अशा बऱ्याच स्वस्त वस्तूंमध्ये एस्प्रेसिफ कंपनीची चिप असते आणि नाव ESP_ ने सुरू होतं. प्लग काढा, थोड्या वेळाने यादी रिफ्रेश करा. नाव गेलं तर उलगडा झाला. (DHCP ची, म्हणजे राउटरने वाटलेल्या पत्त्यांची, यादी पाहत असाल, तर बंद केलेलं उपकरणही त्यात बराच वेळ टिकतं. 'ऑनलाइन' क्लायंटची यादी बघा.)

बिननावाचा फोन बहुधा घरातलाच. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन वायफायला खरा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, न देता बनावट देतात. त्या पत्त्याचं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल, उदाहरणार्थ DA:31:…, तर तो असाच बनावट. घरातल्या प्रत्येक फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये सध्याचा मॅक पत्ता दिसतो, तो जुळवून बघा.

कुठेच जुळला नाही, तर ते एकच उपकरण ब्लॉक करण्यात अर्थ नाही, कारण बनावट पत्ता बदलता येतो. वायफायचा पासवर्ड बदला, पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडू देणारं WPS बंद करा आणि घरातली उपकरणं एकेक करून परत जोडा.