काकांच्या फॉरवर्डला काय लिहायचं

प्रिय पोरी,

काकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या 'अटॅक आला तर जोरजोरात खोका' या फॉरवर्डला उत्तर म्हणून केलेले तुझे तिन्ही मसुदे वाचले. पहिल्यात नुसते जोडलेले हात, दुसऱ्यात 'काका, हे फेक आहे' आणि खाली एक लिंक, तिसरा पानभर. वर विचारतेस, की काकांनी सोबत एक शब्दही लिहिलेला नाही, मग ते काळजीने पाठवतायत, शिकवतायत की सहज पाठवलंय, हे कळायचं कसं?

त्यांनी काय पाठवलंय ते तू नीट वाचलं आहेस का? त्यातली चूक तू शोधलीस, पण मथळा सोडून दिलास. 'एकटे असताना हार्ट अटॅक आला तर काय कराल?' काकू गेला महिनाभर मुंबईला लेकीच्या बाळंतपणासाठी आहे आणि काका साताऱ्याच्या घरात एकटे. मेसेज सकाळी पावणेसहाला आलाय, तोही घरच्या ग्रुपवर नाही, तुला एकटीला. त्यावर दोन बाणांची खूण आहे, म्हणजे तो निदान पाच वेळा पुढे सरकून आलाय. असे मेसेज 2020 पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतात. म्हणजे पंचवीस जणांना एकदम ढकललेलं हे नव्हे, त्यांनी तुझं नाव निवडलंय. कदाचित आणखी दोघांनाही एकेक करून पाठवलं असेल, ते सोड. सूर मेसेजात नसला तरी आजूबाजूला असतो, तिथे बघ.

आता ठामपणा. तो काकांच्या वयावर किंवा तुझ्या रागावर ठरवायचा नाही. हे खरं मानून माणूस वागला तर काय होईल, त्यावर ठरवायचा. हळदीच्या दुधाचा फॉरवर्ड असता तर मी म्हटलं असतं, हात जोड आणि सोड. हा तसा नाही. जोरजोरात खोकून रक्तवाहिनीतली गुठळी सुटत नाही. हृदय पार थांबलं तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो, खोकणार कधी? हॉस्पिटलात अँजिओग्राफी करतात त्या कॅथलॅबमध्ये हृदयाचा ठोका बिघडला तर डॉक्टर कधी कधी पेशंटला खोकायला सांगतात, पण तिथे समोर मॉनिटर असतो आणि शेजारी डॉक्टर. घरी खोकत बसण्यात 108 ला फोन करायची वेळ जाते. म्हणून इथे ठाम राहायचंच.

पण ठाम वाक्य एकच. पुन्हा सांगते, एकच. आणि त्यात 'तुम्ही' नको. 'तुम्ही काहीही पाठवता' हा आरोप झाला. 'खोकल्याने अटॅक थांबत नाही, आधी 108' ही माहिती झाली. लिंक नको, काका ती उघडणार नाहीत, पण आपल्याला खोटं पाडायला पुरावा आणला हे मात्र त्यांना बरोबर कळेल.

हे मी कुठे शिकले ते सांगते. माझ्या मामाने असाच एक फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर टाकला होता, मधुमेहाच्या गोळ्या सोडण्याचा. मी सगळ्यांसमोर मुद्दे मांडून लांबलचक उत्तर दिलं. चार भाच्यांनी अंगठे दाखवले. मामाने मेसेज काढून टाकला आणि त्या दिवसापासून मला काहीच पाठवलं नाही, सकाळचं फूलसुद्धा नाही. पुढे त्याची अँजिओप्लास्टी झाली, ती मला आठवड्याने तिसऱ्याकडून कळली. मी लिहिलेलं सगळं बरोबर होतं. आजही बरोबरच आहे. गोळ्या सोडू नयेत हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं ना? हवं होतं. एका वाक्यात, आणि त्याला एकट्याला.

तुझ्या पानभर मसुद्यातलं मी एवढंच ठेवलं:

'काका, वाचलं. काकू येईपर्यंत घरात एकट्याला करमत नसेल ना? एक सांगते, खोकल्याने अटॅक थांबत नाही, छातीत दुखलं की आधी 108. दाराची कडी काढून बसायचं आणि लगेच मला फोन, रात्री दोनलासुद्धा. संध्याकाळी बोलते.'

एवढंच. 'अधिक वाचा' यायच्या आत संपतं. पहिला शब्द 'काका', प्रश्न त्यांच्याबद्दल, मग ते एक वाक्य, मग करायची कामं. हसरा चेहरा लावू नकोस, अटॅकच्या शेजारी बरा दिसत नाही. 'रागावू नका' तर मुळीच लिहू नकोस. ज्याच्या मनात राग नाही त्यालाही तो त्यामुळे सुचतो.

त्यांनी नुसता अंगठा पाठवला तर समजावायला पुन्हा दुसरं ठाम वाक्य लिहायला बसू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, कारण माझाही तोच होता.

आणि 'संध्याकाळी बोलते' लिहिलंस तर फोन कर. आठपर्यंत ते बातम्या बघतात, त्यानंतर कर. छातीत खरंच काही होतंय का, हे विचार. पावणेसहाला उठून माणूस हे का वाचत होता, ते मला अजून कळलेलं नाही.

तुझी,
मावशी